ट्रकभर विटांआधी पंधरा विटा

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ ठरला, तेव्हा संपादकांनी मला घराच्या अशा भागाबद्दल लिहायला सांगितलं, जो घर पूर्ण झाल्यावर कुणालाच दिसत नाही. मी वीट निवडली. गिलावा झाला की ती कायमची झाकली जाते. पुढे काही बिघडलंच, तर फरशी बदलता येते, रंग बदलता येतो, खिडकीसुद्धा बदलता येते. वीट बदलता येत नाही. तरीही घर बांधणारी माणसं फरशीच्या दुकानात जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्माही वेळ वीटभट्टीवर घालवत नाहीत. भाव विचारतात, दोन विटा एकमेकींवर आपटून बघतात आणि इसार देऊन परततात.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात एक शिक्षक जोडपं घर बांधत होतं. खाली तीन खोल्या, पुढेमागे वर एक मजला. त्यांच्यातल्या बाई विज्ञान शिकवतात. पहिल्या ट्रकची मागणी देण्याआधी दोन भट्ट्यांच्या विटा तपासून घ्यायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या परवानगीने मी त्या तपासणीच्या मागे मागे फिरलो. एका ट्रकमध्ये साधारण तीन हजार विटा येतात. वजन साडेआठ-नऊ टन. तेवढा माल दारात उतरल्यावर तो परत पाठवणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून जे काही बघायचं ते भट्टीवरच बघायला हवं, हा बाईंचा साधा हिशेब होता.

दोन भट्ट्या

पहिली भट्टी कृष्णेच्या काठाजवळची. माती मळईची, काळसर, आजूबाजूला ऊस. विटा मात्र देखण्या. लाल रंग, सरळ कडा, हातात घेऊन वाजवली तर खणखणीत आवाज. भट्टीमालकांनी एक वीट कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडून दाखवली. तुटली नाही. “ताई, अजून काय बघायचं ऱ्हायलं सांगा की,” ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती.

दुसरी भट्टी शिराळ्याच्या बाजूला, तांबूस मातीच्या भागात. इथल्या विटा दिसायला डाव्या. रंग कुठे विटकरी, कुठे पिवळसर. एखादी कड गोलावलेली. आवाज येतो, पण पहिलीइतका स्वच्छ नाही. भाव हजारामागे थोडा जास्त, कारण अंतर जास्त. बाईंबरोबर आलेल्या गवंडीकाकांनी तिथेच निकाल देऊन टाकला होता: “पहिलीच घ्या बाई. डोळे झाकून घ्या.”

नखाने ओरखडून पाहणं, वाजवून पाहणं, टाकून पाहणं या पारंपरिक परीक्षा खोट्या नाहीत. कच्ची वीट त्यांत पकडली जाते. नखाने ओरखडा उठला किंवा आवाज भदभद आला, तर पुढे तपासायची गरजच नाही. वीट फोडून आतला भाग बघणंही उपयोगाचं. आत चुनखडीचे पांढरे ठिपके दिसले, तर सावध व्हावं. पण या सगळ्या परीक्षा एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: वीट नीट भाजली आहे का? तिच्यात पाणी किती मुरेल आणि त्या पाण्याबरोबर काय बाहेर येईल, हे आवाजावरून कळत नाही.

नमुना कुणी उचलायचा

आपल्याकडची बहुतेक गावठी भट्टी म्हणजे एक मोठा रचलेला ढीग असतो. वाळलेल्या कच्च्या विटांच्या थरांमध्ये कोळसा, बगॅस, भाताचं तूस असं जळण पसरतात, बाहेरून चिखलाने लिंपतात आणि खालून पेटवतात. आग आतून सरकत जाते. त्यामुळे एकाच भट्टीतल्या सगळ्या विटा एकसारख्या भाजत नाहीत. मधल्या चांगल्या निघतात. बाहेरच्या थरातल्या कच्च्या राहतात. जिथे जाळ फार झाला तिथल्या वितळून वेड्यावाकड्या होतात, त्या खंगर. मालकाने हाताने निवडून दिलेल्या पाच विटा तपासल्या, तर अहवाल त्या पाच विटांचा असतो, ट्रकचा नसतो.

बाईंनी दोन्ही ठिकाणी विटा स्वतः उचलल्या. आधी विचारलं की हा ढीग एकाच भट्टीतला आहे की दोन-तीन भट्ट्यांचा माल एकत्र रचला आहे. मग ढिगाच्या चारही बाजूंनी वरून, मधून आणि खालून अशा विटा काढल्या. भारतीय मानक ब्युरोचं नमुने घेण्याबद्दल वेगळं मानक आहे, आयएस ५४५४. त्याचा रोखही हाच: माल चढवताना किंवा उतरवताना अधूनमधून वीट काढावी, ते जमत नसेल तर ढिगाचे मनाने भाग पाडून प्रत्येक भागातून काढावी. ताकदीला पाच, पाणी शोषण्याला पाच, क्षारांना पाच अशा पंधरा विटा लागतात. वाटेत एखादी फुटते, म्हणून वर चार-पाच जास्त. प्रत्येकीवर ऑइल पेंटने भट्टीचं अक्षर आणि अंक घातला. खडूने लिहिलं तर पाण्यात पुसलं जातं आणि मग कोणती वीट कुठली हे कळत नाही.

तळातल्या विटा काढायला मालक नाखूश होते, कारण वरचा ढीग हलवावा लागतो. पण त्या हव्याच होत्या. वीट पाडण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे अखेरीस संपतो. दिवाळीच्या आसपास जी वीट विकायला असते, ती बहुतेक मागच्या हंगामातली, एक पावसाळा ढिगात काढलेली. वरच्या विटा पावसाने धुऊन निघालेल्या असतात, तर तळाच्या विटांनी चार महिने जमिनीतली ओल वर ओढलेली असते. जमीन क्षारपड असेल, तर त्या ओलीबरोबर क्षारही विटेत चढतात. एकाच मातीची, एकाच जाळात भाजलेली वीट ढिगात कुठे होती यावरून तिचा स्वभाव बदलतो.

यंत्राखाली

ताकदीची चाचणी घरी करता येत नाही. तिला कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन लागतं. जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या लोकांची बांधकाम सामग्री फी घेऊन तपासून देतात. अशी सोय अनेक महाविद्यालयांत आणि खासगी प्रयोगशाळांत असते. तिथल्या सहायकांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की वीट आज आणली म्हणून आज दाबता येणार नाही.

आयएस ३४९५ या मानकात ही चाचणी कशी घ्यायची ते दिलेलं आहे. विटेच्या दोन्ही सपाट बाजू घासून एकसारख्या करायच्या. मग ती २४ तास पाण्यात ठेवायची. वीट कोरडी दाबली तर ती जास्त ताकद दाखवते, आणि भिंतीतल्या विटेला कधी ना कधी ओल लागणारच असते. त्यानंतर विटेवरची खाच एकास एक सिमेंट-वाळूच्या मालाने भरून काढायची. ती मोकळी ठेवली तर सगळा भार कडांवर येतो आणि वीट तिच्या खऱ्या ताकदीच्या आधीच चिरते. भरलेली वीट एक दिवस ओल्या गोणपाटाखाली आणि तीन दिवस पाण्यात राहते. शेवटी पुसून, खाचेची बाजू वर करून, वर आणि खाली तीन मिलिमीटर जाडीचं प्लायवुड घालून ती यंत्रात जाते. प्लायवुडमुळे पृष्ठभागावर उरलेले बारीक उंचवटे भार एकाच जागी खेचत नाहीत.

वीट फुटते ती एकदम नाही. आधी बाजूवर उभी चीर दिसते, मग कोपऱ्यातून कपरी सुटते, काटा थबकतो आणि मागे येतो. सहायकांनी मागे येण्याआधीचा आकडा लिहून घेतला. पहिल्या भट्टीच्या पाच विटांनी सरासरी १२३ किलोन्यूटन भार घेतला. विटेची भार घेणारी बाजू २२५ मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद होती, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की ताकद येते साधारण ५.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जुन्या मापात सांगायचं तर चौरस सेंटिमीटरला ५५ किलोच्या आसपास. दुसऱ्या भट्टीची सरासरी ९८ किलोन्यूटन, म्हणजे ४.४. तिच्यातली सर्वांत कमजोर वीट ८२ किलोन्यूटनला गेली, म्हणजे ३.६.

साध्या भाजलेल्या विटांचं मानक आयएस १०७७. त्यात सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. त्या वर्गासाठी सरासरी ३.५ तरी हवी आणि एकही वीट त्याच्या २० टक्क्यांहून जास्त खाली, म्हणजे २.८ च्या खाली, जाता कामा नये. दोन्ही भट्ट्या पास. पहिली वरच्या म्हणजे ५ च्या वर्गात बसली, दुसरी ३.५ च्या. गवंडीकाकांचा अंदाज इथवर अचूक होता.

पण भिंतीला लागते किती?

इथे मी सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांना, तो प्रश्न विचारला जो घर बांधणाऱ्याने विचारायला हवा. ४.४ आणि ५.५ मधला फरक या घराला जाणवेल का?

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. समजा, घर पिलरचं नाही, भिंतींवरच स्लॅब आहे. मधल्या नऊ इंची भिंतीवर दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा निम्मा निम्मा स्लॅब येतो. साडेतीन मीटरच्या खोल्या धरल्या तर स्लॅब, फरशी आणि वरची माणसं-सामान मिळून भिंतीच्या एका मीटर लांबीवर जवळपास २१ किलोन्यूटन. तीन मीटर उंच भिंतीचं स्वतःचं वजन साधारण १४. एका मजल्याचे झाले ३५, दोन मजल्यांचे ७०. हा भार २३० मिलिमीटर जाडीवर पसरला की तळाच्या विटेवर दाब येतो ०.३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

विटेची ताकद ४.४ आणि तिच्यावर येणारा दाब ०.३. कुणालाही वाटेल की चौदा पट सुरक्षित आहे. सरांनी तिथेच थांबवलं. भिंत म्हणजे नुसती वीट नसते. वीट, माल आणि गवंड्याचा हात मिळून भिंत होते. म्हणून भिंतीवर जो दाब येऊ द्यायचा, तो विटेच्या ताकदीच्या ढोबळमानाने दहाव्या हिश्शाएवढाच धरतात, आणि भिंत उंच व बारीक असेल तर त्यातूनही कपात होते. ४.४ च्या विटेचा दहावा हिस्सा ०.४४. दोन मजल्यांच्या भिंतीला ती पुरते, पण फार मोठी सवड राहत नाही. तिसऱ्या मजल्याचा विचार असेल तर पुरणार नाही. या बाईंचं घर मात्र पिलर-बीमचं होतं. त्यात स्लॅबचा भार काँक्रीट घेतं. प्रत्येक मजल्याच्या विटांनी आपल्याच भिंतीचं वजन पेलायचं, ते ०.१ सुद्धा होत नाही.

म्हणजे आज गावोगाव जशी घरं उभी राहतात, त्यांत ताकदीचा आकडा किमान मर्यादेच्या वर असला की काम झालं. त्याच्या पुढे पाचाची वीट साडेचाराच्या विटेहून तुम्हाला काहीही जास्त देत नाही. निवड दुसऱ्या दोन चाचण्यांवर करायची. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली हीच सर्वांत कामाची गोष्ट आहे, आणि ती भट्टीवर कुणी सांगत नाही.

पाणी किती पिते

पाणी शोषण्याची चाचणी दिसायला सोपी आहे. वीट भट्टीच्या तापमानाला नाही, तर ओव्हनमध्ये १०५ ते ११५ अंशांवर वाळवायची. वजन कमी होणं थांबलं की गार करून वजन घ्यायचं. २४ तास पाण्यात बुडवायची. बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसायची आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा वजन करायचं. जे वाढलं ते कोरड्या वजनाच्या किती टक्के, हा निकाल. १२.५ च्या वर्गापर्यंतच्या विटांना मर्यादा २० टक्के, त्यावरच्या वर्गांना १५.

पहिल्या भट्टीची एक वीट कोरडी असताना २ किलो ८६० ग्रॅम होती, भिजून ३ किलो २६० झाली. ४०० ग्रॅम पाणी, म्हणजे १४ टक्के. दुसऱ्या भट्टीची २ किलो ७४० वरून ३ किलो २४५ वर गेली. ५०५ ग्रॅम, म्हणजे १८.४ टक्के. मर्यादेच्या आत, पण काठावर.

काठावरच्या विटेचं काय करायचं, ते गवंडीकाकांना नीट ठाऊक होतं. कोरडी, तहानलेली वीट मालातलं पाणी ओढून घेते. सिमेंटला घट्ट व्हायला लागणारं पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. “माल जळतो,” ते म्हणाले. म्हणून अशी वीट लावण्याआधी हौदात चांगली भिजवायची आणि वरचं पाणी निथळल्यावर लावायची. नुसतं पाइपने शिंपडून भागत नाही. उलट खंगर वीट पाणी जवळपास पीतच नाही, तिला माल धरत नाही. थोडं पाणी पिणं हा विटेचा दोष नाही. फार पिणं हा आहे.

ही चाचणी घरी करता येते आणि ती घरी चुकतेही. पावसाळ्यानंतर ढिगातून आणलेली वीट वरून कोरडी दिसते, पण आत पाणी असतं. समजा, दुसऱ्या भट्टीची तीच वीट न वाळवता, आत १४० ग्रॅम ओल असताना तोलली असती. आधीचं वजन २ किलो ८८०, भिजल्यावरचं तेच ३ किलो २४५. फरक ३६५ ग्रॅम, निकाल १२.७ टक्के. काठावरची वीट एकदम उत्तम ठरली असती. ओव्हन नसेल तर कडक उन्हात काही दिवस ठेवावी आणि रोज वजन करावं. सलग दोन-तीन दिवस वजन तेच आलं, तरच ती बऱ्यापैकी वाळली असं धरावं. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो, फक्त त्याची क्षमता पाच किलोंची हवी.

भिजवण्याचा आणखी एक उपयोग आहे. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. माती चाळली-निवडली नाही तर ते विटेत जातात आणि भट्टीत भाजून त्यांचा कळीचा चुना होतो. पाणी लागलं की चुना फुगतो आणि विटेच्या अंगावरचा टवका उडवतो. पाण्यातून काढलेल्या विटा लगेच फेकू नयेत. दोन-चार दिवस बाजूला ठेवून त्यांवर नवे खड्डे पडतात का बघावं. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर तो चुनाच. हे भिंतीत झालं तर गिलाव्याला फोड येतात.

खार

कृष्णाकाठच्या ज्या पट्ट्यात आपण होतो, तिथे क्षार हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. उसाला वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलं गेलं, काळ्या जमिनीतून निचरा कमी, भूजल वर आलं. ते उन्हाने उडून जाताना क्षार मागे ठेवत गेलं. सांगली-कोल्हापुरात असे कितीतरी शेतांचे तुकडे पांढरे, नापीक पडले आहेत. वीट त्याच मातीची होते, आणि कित्येकदा गारा तुडवायला पाणीही त्याच भागातल्या विहिरीचं किंवा बोअरचं असतं. भर म्हणून जळणाच्या कोळशातलं गंधक मातीतल्या सोडियम, मॅग्नेशियमशी मिळून सल्फेट तयार करतं. वीट नीट भाजली तर यातला काही भाग मोडतो किंवा बांधला जातो. बाकीचा विटेच्या छिद्रांत वाट बघत राहतो.

पाणी आत गेलं की तो विरघळतो. भिंत सुकू लागली की पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतो, पाणी उडतं आणि क्षाराचे स्फटिक उरतात. ते विटेच्या बाहेर तयार झाले तर पांढरी भुकटी दिसते, फडक्याने झटकता येते. ते गिलाव्याच्या मागे, विटेच्या कातडीखाली तयार झाले, तर स्फटिक वाढताना जागा मागतात आणि रंगाचे पापुद्रे, गिलाव्याचे ढलपे सुटतात. सोडियम सल्फेट यात सर्वांत त्रासदायक. ओल आणि गारवा असला की ते पाणी धरून फुगतं, उन्हात पुन्हा कोरडं होतं. ऋतू बदलेल तसा हा खेळ चालू राहतो. जुनी माणसं ज्याला लोणा लागला म्हणतात, त्यात विटेतल्या या क्षारांचा मोठा वाटा असतो.

या चाचणीला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. पसरट भांड्यात २५ मिलिमीटर पाणी घ्यायचं, त्यात वीट टोकावर उभी करायची. हवा खेळती, तापमान २० ते ३० अंश. विटेने पाणी वर ओढून घ्यावं, ते उडून जावं, भांडं आणि वीट कोरडी व्हावी. मग तेवढंच पाणी पुन्हा घालायचं आणि पुन्हा वाट बघायची. दुसऱ्यांदा सुकल्यावर वीट बघायची. पाणी डिस्टिल्डच हवं, कारण बोअरच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात आणि ते निष्पाप विटेवर पांढरे उमटतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे पाणी दुकानात मिळतं, ते चालतं. बाईंनी ही चाचणी प्रयोगशाळेबरोबर घरीही लावली. माजघरात दहा विटा, खाली दहा पसरट डबे.

निकाल आकड्यात येत नाही, डोळ्यांनी ठरवायचा. काहीच दिसलं नाही तर क्षार नाहीत. विटेच्या दहा टक्क्यांपर्यंत पातळ थर असेल तर किरकोळ. त्याहून दाट, निम्म्या भागापर्यंत, पण भुकटी किंवा पापुद्रे न सुटणारा असेल तर मध्यम. निम्म्याच्या वर गेला तर जास्त. आणि भुकटी पडू लागली, पापुद्रे निघू लागले तर गंभीर. साध्या विटांना मानक मध्यमपर्यंत सूट देतं.

शिराळ्याकडच्या विटांपैकी तीन स्वच्छ राहिल्या, दोनींच्या वरच्या कडेला पुसट पांढरी रेघ आली. नदीकाठच्या देखण्या विटांवर पहिल्या सुकण्यातच पांढरे डाग दिसू लागले होते. दुसऱ्या सुकण्यानंतर पाचपैकी तीन विटा निम्म्याहून जास्त पांढऱ्या झाल्या, आणि त्यांतल्या एकीवर बोट फिरवलं की भुकटी हाताला येत होती. तिच्यावरचा अंक बघितला. ती तळातून काढलेल्या विटांपैकी होती.

तो पांढरा थर चुना तर नाही ना, हे तपासायला बाईंनी त्यावर लिंबाचा रस पिळला. चुन्याचं कार्बोनेट असतं तर फसफसलं असतं. फसफसलं नाही, पाण्याने मात्र विरघळून गेला. प्रयोगशाळेत त्याच विटेची पूड डिस्टिल्ड पाण्यात ढवळून गाळली, त्यात आम्ल आणि बेरियम क्लोराइड टाकलं, तर द्रावण दुधाळ झालं. ही सल्फेटची खूण.

या चाचणीची मर्यादाही सरांनी सांगितली. ती पृष्ठभागावर काय आलं ते दाखवते, विटेत एकूण किती आहे ते मोजत नाही. शिवाय भिंतीत क्षार फक्त विटेतून येत नाहीत. सिमेंट, वाळू, बांधकामाचं पाणी आणि पायातून चढणारी ओल यांतूनही येतात. चांगली वीट आणून ती बोअरच्या खाऱ्या पाण्यात भिजवली, किंवा जोत्यावर ओल अडवणारा थर घातलाच नाही, तर ही तपासणी वाया जाते.

निवड

बाईंनी दुसऱ्या भट्टीची वीट घेतली. ताकदीला कमी, पाणी पिण्याला जास्त, दिसायला डावी, भावाला थोडी महाग. गवंडीकाका पांढऱ्या विटा बघेपर्यंत राजी नव्हते. बघितल्यावर एवढंच म्हणाले, “मग हौद मोठा बांधा. भिजवायला लागणार हिला.”

नदीकाठच्या मालकांना बाईंनी ती पांढरी वीट नेऊन दाखवली. त्यांनी वाद घातला नाही. तळाच्या विटा निराळ्या काढतो, पुढच्या हंगामात गाऱ्याला नदीचं पाणी वापरून बघतो आणि ढीग मुरमाच्या थरावर रचतो, असं म्हणाले. तिन्ही गोष्टींनी फरक पडू शकतो. तो पडला की नाही, हे पुन्हा पंधरा विटा उचलूनच कळेल, कारण अहवाल भट्टीच्या नावाचा नसतो, त्या एका जाळातल्या मालाचा असतो.

तुमचं बांधकाम या हंगामात सुरू होणार असेल, तर इसार देण्याआधी भट्टीवर जा आणि विटा स्वतःच्या हाताने उचला. तळातल्या नक्की घ्या. क्षारांची चाचणी त्याच दिवशी घरी लावा, कारण तिलाच सर्वांत जास्त दिवस लागतात आणि तोवर बाकीच्या दोन्ही होऊन जातात. इसाराच्या पावतीवर तपासलेल्या ढिगाचाच माल मिळेल असं लिहून घ्या. पहिला ट्रक आला की उतरवताना त्यातल्याही पाच विटा काढून, वाळवून, पाण्यात उभ्या करा. दुसऱ्या ट्रकचा निरोप त्या सुकल्यावर द्या.